मूल शी रोखून धरतं तेव्हा: कडक शी, पॉटीची भीती आणि त्यातून बाहेर येण्याचा रस्ता

प्रश्न: माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे, वजन 12 किलो. चार महिन्यांपूर्वी तापात दोन दिवस काही खाल्लं नाही, मग एकदा खूप कडक शी झाली, खूप रडला, थोडं रक्तही आलं. तेव्हापासून पॉटीवर बसवलं की किंचाळतो. शी आली की पडद्यामागे जाऊन उभा राहतो, लालबुंद होऊन कुंथतो, पण होत नाही. चार-पाच दिवसांनी डायपरमध्येच एकदम मोठी, जाड शी होते. सासूबाई पानाच्या देठाला तेल लावून घालतात, तेव्हा होते. डॉक्टरांनी लॅक्टुलोज दिलं होतं, 5 मिली रोज. थोडी मऊ झाली म्हणून आठवड्याने बंद केलं. आता आठ दिवसांपासून चड्डीला सारखी पातळ शी लागते, म्हणजे जुलाब झालेत का? दूध दिवसातून चार बाटल्या पितो, जेवण नाममात्र. जूनमध्ये प्लेस्कूल आहे, तिथे डायपर चालत नाही. काय करू?

उत्तर:

हे जुलाब नाहीत. आत शी अडकून साठली आहे आणि तिच्या कडेने पातळ शी झिरपते आहे. जुलाबाचं कोणतंही औषध देऊ नका, शी पातळ करणारं औषध चालू असेल तर ते थांबवूही नका. एक-दोन दिवसांत मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन पोट तपासून घ्या. पुढचं सगळं त्या तपासणीवर ठरेल. तोपर्यंत घरात काय चाललंय ते नीट समजून घेऊ, कारण तुमच्या वर्णनातली एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात उलटी वाचली जाते.

पडद्यामागे उभं राहून तो कुंथत नाहीये. तो शी रोखतोय.

पुढच्या वेळी दुरून, त्याला न टोकता बघा. ओपीडीत माझ्या टेबलापाशी खेळता खेळता अशी मुलं मध्येच थांबतात. हातातली गाडी तशीच राहते. दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरतात, पाय सरळ ताठ करतात, टाचा उचलून चवड्यांवर येतात. काही मुलं मांड्यांची कात्री करतात. नितंब आवळलेले असतात, चेहरा लाल, नजर कुठेतरी शून्यात. आई म्हणते, "बघा, किती जोर लावतोय बिचारा." पण शी करायला जोर लावणारं मूल गुडघे वाकवतं, खाली बसतं, पुढे झुकतं. ताठ उभं राहून, पाय जुळवून शी बाहेर येत नाही, आत जाते. दोन-तीन मिनिटांनी मूल सुटतं, घाम पुसायच्या आत परत गाडी खेळायला लागतं. कळ निघून गेलेली असते. त्याच्या दृष्टीने तो जिंकलेला असतो.

तो असं का करतो, याचं कारण तुम्हीच दिलं आहे: तापातली ती एक शी. अंगात पाणी कमी, पोटात अन्न कमी, म्हणून शी कडक झाली. ती बाहेर येताना गुदद्वाराच्या कडेला बारीक चीर पडली. शीच्या वरून लालभडक रक्ताची रेघ दिसते ती याच चिरेची. मोठ्या माणसाला कळतं की आज दुखलं, उद्या मऊ झाली तर दुखणार नाही. पावणेतीन वर्षांच्या मुलाला एवढंच कळतं की शी आली की दुखतं. म्हणून तो शी येऊच देत नाही. या वयात त्याला ती रोखण्याची ताकद नुकतीच आलेली असते, आणि ती तो पुरेपूर वापरतो.

आता आत काय होतं ते बघा. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे गुदाशयात, शी उतरली की त्याची भिंत ताणली जाते आणि कळ येते. त्याच वेळी आतला झडपेचा स्नायू आपोआप सैल पडतो, तो कुणाच्या हातात नसतो. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या इच्छेने आवळता येतो. मुलाने तो आणि नितंब मिळून आवळले की शी मागे सरकते, भिंतीवरचा ताण कमी होतो, कळ विरते. शी मात्र तिथेच असते. आतड्याचं एक काम पाणी शोषून घेणं हे आहे, आणि ते काम थांबत नाही. जितका वेळ शी आत राहते तितकी ती कोरडी होते. वरून नवी शी येऊन त्यात मिळते, म्हणून ती मोठीही होते. चार-पाच दिवसांनी रोखणं अशक्य होतं तेव्हा जी बाहेर येते ती पहिल्यापेक्षा जाड आणि कडक असते. पुन्हा तीच चीर उघडते. मुलाला वाटतं, बरोबरच होतं माझं, हे दुखतंच. पुढच्या वेळी तो जास्त जोराने रोखतो.

असं काही आठवडे चाललं की गुदाशय ताणून मोठा होतो. सतत भरलेल्या जागेला भरल्याची जाणीव राहत नाही. पूर्वी थोड्या शीला कळ यायची, आता भलामोठा गोळा होईपर्यंत येत नाही. मग कडक गोळ्याच्या वरची पातळ शी कडेकडेने वाट काढते आणि चड्डीला लागते. मुलाला ती लागलेली खरोखर कळत नाही. "मोठा झालास ना, सांगता येत नाही का?" असं त्याला विचारू नका, कारण त्याला सांगण्यासारखं काही जाणवलेलंच नसतं. भरलेला गुदाशय समोरच्या मूत्राशयालाही दाबतो, म्हणून अशा मुलांना सारखी शू लागते, कधी शू कपड्यात होते, कधी लघवीत जंतुसंसर्ग होतो. भूकही मंदावते. तुमचं "जेवण नाममात्र" मला म्हणून नवीन वाटलं नाही. पोट मोकळं झालं की बऱ्याच मुलांचं जेवण आपोआप सुधारतं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत हे चार महिने चाललंय. म्हणजे आता दोन वेगळे प्रश्न आहेत: आत अडकलेला गोळा आणि डोक्यात बसलेली भीती. दोन्ही सुटायला हवेत, पण गोळा आधी, भीती नंतर. बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आत गोळा तसाच असताना पॉटीवर बसवण्याची लढाई सुरू होते आणि भीती आणखी पक्की होते.

डॉक्टर काय तपासतील ते सांगते. पोटावर हात ठेवून, विशेषतः खाली डावीकडे आणि बेंबीखाली, गोळा लागतो का ते बघतील. गुदद्वाराची बाहेरून पाहणी करतील, चीर किंवा तिथल्या कातडीचा छोटा कोंब दिसतो का. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात खळगा किंवा केसांचा पुंजका आहे का, पाय नीट चालतात का, वजन-उंची वाढते आहे का. तुमच्यासारखा स्पष्ट इतिहास असेल तर एक्स-रे किंवा रक्ततपासणी सहसा लागत नाही. मात्र जन्मानंतर पहिली काळी शी 48 तासांत झाली नव्हती, त्रास पहिल्या महिन्यापासूनच आहे, पोट फुगून हिरवी उलटी होते, वजन वाढत नाही, पायात जोर नाही, किंवा चीर दिसत नसताना रक्त येतं, यापैकी काही असेल तर ते आपणहून सांगा. आतड्याच्या नसांचा जन्मजात दोष, थायरॉइडची कमतरता, मणक्याचे आजार अशा मोजक्या गोष्टी मग शोधाव्या लागतात. त्या विरळ आहेत. या वयात बद्धकोष्ठतेच्या बहुसंख्य मुलांत आतडं निरोगी असतं आणि गोष्ट रोखून धरण्याचीच असते. पोट फुगून, हिरवी उलटी होऊन मूल मलूल पडलं तर ओपीडीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आधी साठलेलं बाहेर काढायचं

गोळा आहे असं ठरलं तर तो काढायला तोंडाने द्यायचं औषध पुरतं. एनिमाची गरज फार थोड्या मुलांना पडते. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर यासाठी वापरतात. ती आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषली जात नाही. आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते आणि ते पाणी शीत पोहोचवते. आतड्याला चिमटे काढत नाही, म्हणून "सवय लागेल" ही भीती इथे लागू नाही. प्रमाण वजनावर असतं. साठलेलं काढताना दर किलोला रोज 1 ते 1.5 ग्रॅम, तीन ते सहा दिवस. तुमच्या 12 किलोच्या मुलाला म्हणजे रोज 12 ते 18 ग्रॅम, पेलाभर पाण्यात विरघळवून, दिवसभरात घोट घोट. नेमका आकडा तुमचे डॉक्टर पोट बघून ठरवतील. पाकिटावर किती ग्रॅम लिहिलंय ते त्यांना दाखवा. दुकानात वेगवेगळ्या मापांची पाकिटं मिळतात, आणि दुर्बिणीच्या तपासणीआधी मोठ्यांना द्यायचं मोठं पाकीटही त्याच नावाने मिळतं.

हे तीन ते सहा दिवस घरी राहता येतील असे निवडा. लग्न, प्रवास, पाहुणे नकोत. पहिल्या दिवशी बहुधा काहीच होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आधी कडक तुकडे, मग भरपूर चिखलासारखी, शेवटी गढूळ पाणी येतं. चड्डी खराब होणं या दिवसांत वाढतं, त्याला घाबरू नका. डायपर बिनधास्त वापरा. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने धुऊन, टिपून, गुदद्वाराभोवती व्हॅसलीनचा थर लावा, म्हणजे शी चिरेवर झोंबणार नाही. पोट मोकळं झालं हे कसं ओळखायचं? तुकडे येणं थांबून नुसती पातळ शी येते, पोट खालून मऊ लागतं आणि हळूहळू चड्डीला लागणं बंद होतं. एक मोठी शी झाली म्हणजे काम झालं असं समजून दुसऱ्याच दिवशी थांबू नका. मागे बरंच उरलेलं असतं. शंका असेल तर पोट पुन्हा तपासून घ्या.

मग महिनोन् महिने मऊ ठेवायचं

चार महिन्यांत तुमचं गणित कुठे फिसकटलं, ते या टप्प्यावर आहे. लॅक्टुलोज हे चांगलं औषध आहे. पण 15 मिलीमध्ये 10 ग्रॅम असणाऱ्या नेहमीच्या सिरपचे 5 मिली म्हणजे जेमतेम 3.3 ग्रॅम. बद्धकोष्ठतेत मुलांना ते दर किलोला रोज 1 ते 2 ग्रॅम लागतं, म्हणजे 12 किलोला किमान 12 ग्रॅम, साधारण 18 मिली. प्रमाण कमी, दिवस आठच, आणि आत गोळा असताना दिलेलं. तरी थोडी मऊ झाली हेच विशेष. थोडी मऊ झाल्यावर बंद केलं, शी परत कडक झाली, आणि मुलाला पुन्हा एकदा पटलं की दुखतं.

पोट मोकळं झाल्यावर रोजचं प्रमाण बरंच कमी असतं. पावडर असेल तर दर किलोला 0.4 ग्रॅमपासून सुरुवात करतात, तुमच्या मुलाला सुमारे 5 ग्रॅम, आणि 0.2 ते 0.8 ग्रॅमच्या दरम्यान कमी-जास्त करतात. पावडर मिळत नसेल तर लॅक्टुलोज योग्य प्रमाणात. त्याने पोटात थोडा गॅस होतो, तो पहिले काही दिवस असतो. प्रमाण ठरवायचं ते शी बघून. रोज किंवा एक दिवसाआड, पातळ शिऱ्याइतकी मऊ शी व्हायला हवी. सुटे कडक गोळे किंवा तडे गेलेली जाड शी आली तर प्रमाण वाढवा, पाण्यासारखी झाली तर थोडं कमी करा. बदल केल्यावर दोन-तीन दिवस थांबून परिणाम बघा, रोज फिरवत बसू नका. किती आणि कुठपर्यंत फिरवायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

इथे एक गोष्ट पालकांना निराश करते, म्हणून आधीच सांगते. शी अगदी मऊ झाली तरी मूल पहिले काही आठवडे रोखतच राहील. पडदा तोच, चवडे तेच. औषध फुकट गेलं असं वाटतं आणि बंद होतं. पण औषधाचं काम भीती घालवणं नाही. रोखूनही रोखता येणार नाही आणि बाहेर येताना दुखणार नाही, इतकी शी मऊ ठेवणं एवढंच त्याचं काम. न दुखता झालेल्या कितीतरी शी एकामागून एक साठल्या की भीती मागे पडते. ते आपण समजावून होत नाही.

म्हणून औषध किमान दोन महिने, आणि सगळी लक्षणं थांबल्यानंतर आणखी किमान एक महिना. ज्यांचं पॉटी प्रशिक्षण चालू आहे त्यांचं औषध ते पूर्ण होईपर्यंत चालू ठेवायचं. चार महिने रोखलेल्या मुलाला सहा महिने लागले तर मला आश्चर्य वाटत नाही. नीट उपचार घेऊनही सहा महिने ते वर्षभरात साधारण निम्मीच मुलं औषधाशिवाय बरी असतात, बाकीच्यांना अधिक काळ लागतो. ताणलेला गुदाशय परत मूळ आकाराला यायला वेळ घेतो, आणि तो रिकामा राहिला तरच येतो.

एक वही ठेवा. तारीख, कशी झाली, किती, रडला का, पडद्यामागे गेला का, औषध किती दिलं. एका ओळीत मावतं. "बरं वाटतंय" यावर औषध कमी करण्यापेक्षा वहीवर कमी करणं कितीतरी भरवशाचं असतं.

पानाचं देठ, साबण, एरंडेल

सासूबाईंचा हेतू चांगला आहे आणि देठाने शी होते हेही खरं. गुदद्वाराला स्पर्श झाला की प्रतिक्षिप्त क्रियेने शी येते. पण या मुलाचं दुखणं आणि भीती नेमकी त्याच जागेची आहे. धरून, पाय वर करून, तिथे काहीतरी घातलं गेलं की त्याच्या लेखी शीचा अर्थ आणखी भयंकर होतो. चिरेला देठ लागतं ते वेगळंच. साबणाची वडी तर आतलं अस्तर जाळते. घरात भांडण होऊ द्यायचं नसेल तर आजींनाही डॉक्टरांकडे घेऊन जा आणि हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या. ओपीडीत मी पाहते की कारण समजलं की आजी सगळ्यात पक्क्या होतात, औषधाची वेळ त्याच सांभाळतात.

एरंडेलाने पोटात मुरडा येतो. मुरडा म्हणजे आणखी दुखणं. नको. इसबगोल आत गोळा असताना आणि पाणी कमी पिणाऱ्या मुलाला देऊ नका, गोळ्याचा आकार वाढतो. औषधाच्या दुकानातून आणलेला मोठ्यांचा फॉस्फेट एनिमा स्वतःहून कधीच नको. दोन वर्षांखालच्या मुलांत तो निषिद्ध आहे, आणि त्यापुढेही त्याने रक्तातले क्षार धोकादायक पातळीपर्यंत बिघडू शकतात. गुदद्वारात ठेवायची ग्लिसरिनची गोळी डॉक्टर एखाद्या वेळी देतील, पण तो रोजचा मार्ग नव्हे.

दूध आणि जेवण

चार बाटल्या दूध म्हणजे, बाटली मध्यम धरली तरी, 800 मिली ते एक लिटर होतं. पोट त्यातच भरतं, भाकरी-भाजी-फळाला जागा उरत नाही. दिवसाला 400 ते 500 मिलीवर आणा आणि बाटली सोडून पेल्यात द्या. पेल्यातून दूध आपोआप कमी जातं. एकदम चारवरून दोनवर आणलंत तर घरात रडारड होईल. आधी मधली एक, आठवड्याने रात्रीची, असं करा. दात यायच्या वयात रात्रीची बाटली दातांनाही वाईट.

जागा झाली की वरण-भात, भाजी, पोळी किंवा ज्वारीची भाकरी कुस्करून, पपई, पेरू, चिकू, भिजवलेल्या मनुका कुस्करून. यात काही जादू नाही, पण रोज हवं. पाणी वयाला साजेसं. तो पुरेसं पीत असेल तर आणखी पाणी पाजून शी मऊ होत नाही. जास्तीचं पाणी शूवाटे जातं. आणि हे लक्षात ठेवा की एकदा रोखण्याचं चक्र सुरू झालं की नुसत्या आहाराने ते तुटत नाही. पपईने मऊ झालेली शीसुद्धा पाच दिवस रोखली की कोरडी होते. पालक महिनाभर फळं चारून थकतात आणि औषधाला तोवर उशीर होतो.

दीड-दोन महिने नीट औषध देऊनही काहीच फरक पडत नसेल, आणि मुलाला इसब किंवा इतर ॲलर्जी असेल, तर डॉक्टर दोन ते चार आठवडे गाईचं-म्हशीचं दूध पूर्ण बंद करून बघायला सांगू शकतात. ते आपलं आपण सुरू करू नका.

पॉटी: आता थांबवा, नंतर सावकाश

आजपासून पॉटीवर बसवणं बंद. पूर्ण बंद. "शी आली का?" हा प्रश्नही बंद, तो दिवसातून किती वेळा विचारला जातो ते एकदा मोजून बघा. शी होत असेल तर डायपरमध्ये होऊ द्या, पडद्यामागे होऊ द्या. आत्ता आपल्याला जागा नको आहे, दुखणं न होता शी झालेली हवी आहे. डायपर बदलताना "छी, घाण" म्हणू नका. "झाली, पोट मोकळं झालं" एवढं पुरे.

साधारण एक-दीड महिना वहीत मऊ, न रडता झालेल्या शी दिसू लागल्या, पडद्यामागचं चवड्यांवर उभं राहणं कमी झालं, की पुढे सरका. तुमच्या मुलाला डायपरमध्ये शी करणं सुरक्षित वाटतं. ते काढून घ्यायचं नाही, हळूहळू सरकवायचं. आधी डायपर घालूनच, पण बाथरूममध्ये उभं राहून करू दे. ते जमलं की डायपर घालूनच पॉटीवर बसून. अंगावर डायपर असेल तर बऱ्याच मुलांना बसायला हरकत नसते. मग बसल्यावर डायपरच्या पट्ट्या सैल करा, पुढे काही दिवसांनी डायपर फक्त पॉटीत अंथरा, आणि शेवटी काढून टाका. प्रत्येक पायरीला आठवडा, कधी दोन. मूल अडलं, पुन्हा पडद्यामागे जाऊ लागलं, तर एक पायरी मागे या, न बोलता.

बसण्याची वेळ जेवणानंतरची. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलतं, तीच कळ यायची नैसर्गिक वेळ. सकाळी नाश्त्यानंतर आणि रात्री जेवणानंतर पाच मिनिटं, हातात गोष्टीचं पुस्तक. झाली नाही तरी पाच मिनिटांनी उठवा. शाबासकी बसल्याबद्दल, शी झाल्याबद्दल नको, नाहीतर न झाल्याचं ओझं त्याच्यावर येतं. पाय टेकलेले हवेत. हा तपशील क्षुल्लक वाटतो पण तो अर्धं काम करतो. मोठ्या कमोडवर पाय लोंबकळत असतील तर मूल पडू नये म्हणून अंग ताठ धरतं, आणि ताठ धरलेल्या अंगात शी सुटत नाही. जमिनीवरची छोटी पॉटी, किंवा कमोडवर लहान रिंग आणि पायाखाली पाट, गुडघे कमरेपेक्षा वर. आपल्या भारतीय पद्धतीच्या बैठकीत उकिडवं बसणं शी सुटायला फार सोयीचं, पण या वयाला त्या मोठ्या भोकाची आणि फ्लशच्या आवाजाची भीती वाटते. अंगणात किंवा मोरीत कागदावर उकिडवं बसून जमत असेल तर तेही चालेल. फ्लश मूल बाहेर गेल्यावर करा.

प्लेस्कूलचं वेळापत्रक मुलाच्या गुदाशयाला माहीत नसतं. जूनपर्यंत डायपर सुटेलच असं मी म्हणणार नाही. शाळेला डॉक्टरांचं पत्र द्या की उपचार चालू आहेत, औषध थांबवता येत नाही, अधूनमधून कपडे खराब होतील, पिशवीत दोन जोड आहेत. न ऐकणारी शाळा असेल तर प्रवेश दोन-तीन महिने पुढे ढकलणं मला पटतं. शाळेच्या धाकाने घाईघाईने डायपर काढलेली मुलं परत रोखायला लागलेली मी नेहमी बघते, आणि शाळेत तर ती दिवसभर रोखतात.

औषध सोडताना

वहीत सलग दोन महिने मऊ शी, पॉटीवर स्वतःहून, चड्डी कोरडी, असं दिसलं की प्रमाण चतुर्थांशाने कमी करा आणि दोन ते चार आठवडे तिथेच थांबा. वहीत काही बिघडलं नाही तर आणखी चतुर्थांश. एकदम बंद केलेलं औषध हेच शी परत कडक होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

तरीही कधीतरी पुन्हा होईल. ताप, प्रवास, गावाला अनोळखी संडास, घरात नवं बाळ, शाळेचा पहिला आठवडा. दोन दिवस शी झाली नाही आणि मूल चवड्यांवर उभं दिसलं की "बघू दोन दिवस" करू नका. मागचं पुरेसं ठरलेलं प्रमाण त्याच संध्याकाळी सुरू करा आणि दोन-तीन आठवडे ठेवा. तीन दिवसांत फरक पडला नाही, किंवा चड्डीला पुन्हा पातळ लागायला लागली, तर पोट तपासून घ्या, पुन्हा गोळा झालेला असू शकतो आणि मग परत पहिल्या टप्प्यापासून काढावं लागतं.